लेकीचं नाव गिऱ्हाइकांत नाही

दलाल म्हटलं की आमच्या नागपुरात लोक तोंड वाकडं करतात, आणि घर विकायची वेळ आली की त्याच्याच दारात जाऊन उभे राहतात. मी वकील आहे, त्यामुळे या वागणुकीतला थोडा वाटा माझ्याही पदरात रोज पडतो. त्यामुळे म्हणा, किंवा तो माणूसच तसा होता म्हणून म्हणा, देवाजी हेडाऊबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. आता तो नाही. पण डोकं फिरायचं थांबलेलं नाही.

देवाजीच्या घरी पूर्वी हातमाग होते. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्याच्या बापाने आयुष्यभर नऊवारी विणली. देवाजीच्या वाट्याला मागापेक्षा सुताची उधारी जास्त आली, तेव्हा त्याने शेवटचा माग मोडीत काढला आणि सायकल घेतली. सायकलवरून घरं दाखवायची. सुरुवातीला शेजाऱ्याचं घर विकून दिलं, मग त्या शेजाऱ्याच्या साडूचं, आणि पाचसहा वर्षांत महालापासून हनुमाननगरपर्यंत कोणाचं घर विकायला निघालंय हे त्याला मालकाच्या बायकोच्या आधी कळायला लागलं.

त्याची घर दाखवायची रीत सगळ्या दलालांना वेडेपणाची वाटायची. तो गिऱ्हाइकाला भर दुपारी न्यायचा, तेही नागपूरच्या दुपारी, आणि आधी घराची खोड दाखवायचा. "हे पाहा, इथं ओल येते. हे दार पावसाळ्यात फुगते. आता चाला देवघर पाहू." मी एकदा म्हटलं, "देवाजी, असा धंदा केलास तर उपाशी मरशील." तर म्हणाला, "भैय्याजी, खोट विणीत असली तं धुतल्यावर दिसतेच. मंग आपणच दाखवलेली काय वाईट?" विणकराची सवय. हसून सोडून द्यायची गोष्ट होती, पण त्याच्यामार्फत घर घेतलेला माणूस पुन्हा कधी भांडायला आला नाही हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याची बायको मनकर्णा, पोर चार वर्षांची असताना गेली. पोरीचं नाव वच्छला. सांभाळायला कोणी नाही, म्हणून तो तिला सायकलच्या दांडीवर बसवून बरोबर न्यायचा. गिऱ्हाईक आणि मालक बोलत बसले की ही परसात जाऊन विहिरीत खडा टाकायची आणि आवाजावरून पाणी किती खोल आहे ते बापाला येऊन सांगायची. भिंतीला तळवा लावून ओल ओळखायची. देवाजीला सही करण्यापलीकडे फारसं लिहिता येत नव्हतं. वच्छला मॅट्रिक झाली, अक्षर मोत्यासारखं, आणि बापाचे सगळे कागद तीच लिहायला लागली. "माही मुनीम," म्हणून तो तिची ओळख करून द्यायचा. ती लाजायची, पण चुकलेला आकडा लगेच दुरुस्त करायची.

तिचं लग्न झालं कृष्णकांतशी. मुलगा बँकेत कारकून, कपडे नीटनेटके, बोलणं मोजकं. वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कोणालाही तो वाईट वाटेल. पण सासरा सायकलवर फिरणारा दलाल आहे हे त्याला बँकेतल्या मित्रांसमोर सांगवत नसे. दोघं जुनी शुक्रवारीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. पाणी खालच्या सामाईक विहिरीचं, जिना उभा. घागरी चढवता चढवता वच्छलेचं पोट एकदा पडलं, मग दुसऱ्यांदा पडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता वजन उचलायचं नाही, नाहीतर मूल विसरा. पण पाणी काय आपल्या पायांनी जिना चढणार होतं?

देवाजी दर रविवारी लेकीकडे जायचा आणि पाणीही न पिता परत यायचा. त्यांच्यात तशी रीतच होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, आणि देवाजी तर घोटही घेत नसे. जाताना पेरू, शेव, काहीतरी घेऊन जायचा, तिच्या चुलीजवळ बसून गप्पा मारायचा, आणि तहान लागली की कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर येऊन ग्लासभर पाणी प्यायचा. मला हसू यायचं. त्याला यायचं नाही. "नातू आला का पोटभर जेवीन," म्हणायचा. "पुरणाची पोळी, तिच्या हातची. तोवर उधार."

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याआधी तो माझ्याकडे आला तो चिडूनच. लागोपाठ दोन मालकांनी त्याला बाजूला सारून त्यानेच आणलेल्या गिऱ्हाइकाला परस्पर घर विकलं होतं. आमच्याकडे सगळी दलाली तोंडी चालायची, त्यामुळे रडायलाही जागा नव्हती.

"भैय्याजी, असा कागद लिवून द्या का मालकाले मले टाळून जाता नाई आलं पाह्यजे."

घर होतं हनुमाननगरातलं, दत्तोपंतांचं. दत्तोपंत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यात, आता तिकडेच जायचं ठरलेलं. तीन खोल्या, मागे परस, परसात कवठाचं झाड आणि बारमाही पाण्याची विहीर. दत्तोपंत स्वतः कागदाचे माणूस, त्यामुळे करार म्हटल्यावर ते बिचकले नाहीत, उलट खूश झाले. दोघांना समोर बसवून मी एकेक कलम वाचून दाखवलं.

पहिलं, सहा महिने हे घर विकायचा हक्क एकट्या देवाजीचा. या मुदतीत दत्तोपंतांनी घराचा सौदा दुसऱ्या दलालामार्फत ठरवला, किंवा स्वतः आपल्या भाच्याशी ठरवला, तरी दलाली देवाजीचीच. दलाली शेकडा दोन, ती फक्त मालकाकडून. घेणाऱ्याकडून एक पैसा नाही.

दुसरं, दलाली कधी. घेणारा बयाणा देईल आणि विक्रीचा लेखी करार होईल त्या दिवशी दलालीवर देवाजीचा हक्क लागला. पैसे हातात मात्र रजिस्ट्रीच्या दिवशी. घेणाऱ्याने माघार घेतली तर दलाली नाही. दत्तोपंतांनीच विनाकारण सौदा मोडला तर रजिस्ट्री न होताही द्यायची.

तिसरं कलम मी घातलं ते देवाजीच्या जखमेवरचं औषध होतं. कोणालाही पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल. पण करार संपला तरी देवाजीचे कष्ट त्या दिवशी संपत नाहीत. त्याने ज्यांना ज्यांना घर दाखवलं त्यांच्या नावांची यादी त्याने आठ दिवसांत मालकाला लेखी द्यायची. पुढच्या तीन महिन्यांत त्या यादीतल्या कोणाशी सौदा झाला तर पूर्ण दलाली. यादीत नसलेल्या माणसाशी झाला तर काही नाही, कारण मालकानेही किती दिवस मागे वळून बघत राहायचं?

"म्हणजे शेपूट," देवाजी म्हणाला.

"शेपूटच म्हण. पण यादीपुरतं."

करार वच्छलेने लिहिला. माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलावर बसून, मी सांगत गेलो तसा. प्रत्येक कलम तिच्या हातून कागदावर उतरलेलं आहे. पुढचं सगळं ऐकताना हे लक्षात असू द्या.

देवाजीने ते घर पुष्कळांना दाखवलं. आणि एका रविवारी, दुपारीच, लेकीला आणि जावयालाही दाखवलं. त्याने मला नंतर सगळं रंगवून सांगितलं. वच्छलेने आधी भिंतींना तळवे लावले. मग परसात गेली, विहिरीत खडा टाकला, कान दिला, आणि लहानपणी यायची तशी पळत बापाकडे आली. "बाबा, पाणी हाताशी आहे!" कृष्णकांत मात्र खोल्यांतून फिरून किंमत ऐकून म्हणाला, "आमच्या आवाक्यातलं नाही हे." बँकेचं कर्ज धरूनही थोडे कमी पडत होते.

"थोडे म्हणजे किती?" मी विचारलं.

"हजाराच्या आतबाहेर, पोरगी म्हणत होती. करीन जमवाजमव. जावईबापू हट्टी आहेत, माह्याकडून घेणार नाईत." मग तो जवळ सरकला आणि हळू आवाजात बोलायला लागला, जसा काही खोलीत आणखी कोणी होतं. "पण भैय्याजी, त्याईनं घेतलं ना, तं दलाली तं मले दत्तोपंताकडून येईनच. त्या पैशात मी विहिरीवर मोटार बसवून देतो. वर टाकी, आत नळ. पोरीले घागर उचलाची गरज नाई. मोटार त्या महालातल्या दुकानात पाहूनही आलो. लेकीले द्याले तं जवाई नाई म्हणू शकत नाई ना?"

मी म्हटलं नाही म्हणू शकत. त्याने मला मोटार किती शक्तीची, पाइप कुठून कसा जाणार, टाकी कवठाच्या कोणत्या बाजूला, सगळं समजावलं. एवढ्या उत्साहाने मी त्याला स्वतःच्या पोटापाण्याबद्दल बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वच्छलेला मात्र यातलं काही सांगायचं नव्हतं. नळ सोडूनच दाखवायचा होता.

पावसाळा आला आणि दत्तोपंतांची सूचना आली. करार संपवतो, मनात राग नाही, आपण खूप खटपट केलीत, इत्यादी. अजून मुदतीचे दोन महिने शिल्लक होते. देवाजी थोडा खट्टू झाला, पण धंद्यात हे होतंच. यादी द्यायची म्हणून तो वच्छलेला घेऊन माझ्याकडे आला.

तो नावं सांगत होता, ती लिहीत होती. इतवारीतले धान्यवाले, जरीपटक्याचे एक सिंधी कापडवाले, खाप्याहून नागपुरात यायच्या विचारात असलेले मास्तर, असे सगळे. तो थांबला. वच्छलेने कागदावरून टाक उचलला नाही. खाली बघत विचारलं, "अजून कोणी राहिलं का, बाबा?"

"नाई. झाले."

"आठवून पाहा ना. कोणालेच सोडू नका."

मग मीच बोललो. "हिलाच दाखवलं होतंस की. कृष्णकांतचं नाव लिही."

देवाजी हसायलाच लागला. "लेकीले गिऱ्हाईक म्हणून लिवू? दत्तोपंत काय म्हणतीन, दलाल पोरीच्या नावावर पैसे लावते? आन् ते घेऊन कुठं राह्यले? जावईबापू नाई म्हणाले तेव्हाच."

"नाही म्हणालेले लोकच तीन महिन्यांनी हो म्हणतात. त्यासाठीच तर हे कलम आहे, गा!"

"घ्याचं असतं तं मले सांगितलं नसतं का तिनं?" आणि तिच्याकडे वळून, "काय वं?"

वच्छला म्हणाली, "हो ना, बाबा."

मग तिने यादीखाली रेघ मारली, कागद बापापुढे सरकवला आणि त्याला सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी सांगितलंय हे मला माहीत होतं, म्हणून मी तिला चहा पाजला. तिने तो अर्धा टाकला.

यानंतर दीडेक महिन्याने देवाजी दुसऱ्याच एका घराच्या कामासाठी रजिस्ट्री कचेरीत गेला होता. मीही होतो. ती कचेरी म्हणजे सदा गर्दी, पानाच्या पिंका, आणि बाकांवर ताटकळलेली बायकामाणसं. त्यातल्या एका बाकावर दत्तोपंत बसले होते. त्यांच्या शेजारी कृष्णकांत. आणि त्याच्या पलीकडे जांभळ्या लुगड्यात वच्छला.

आम्ही दाराशीच थांबलो. वच्छलेने आम्हाला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. देवाजीला अजून काही कळलं नव्हतं. त्याला वाटलं तिची तब्येत बिघडली, म्हणून तो तिच्याकडे धावला. "काय झालं वं? इथं काहून?"

उत्तर दत्तोपंतांनी दिलं, आणि भल्या माणसाने ते उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात दिलं. "देवाजी, तुमची वाटच बघत होतो. तुमच्यासारखा बाप मी पाहिला नाही. लेकीच्या सौद्यात मला दलाली नको, तेवढी किंमत कमी करा, असा निरोप तुम्ही जावयाबरोबर पाठवलात तेव्हा माझी बायको रडली हो. मी लगेच तेवढे कमी केले. कृष्णकांतच म्हणाले, आधी करार रीतसर संपवा म्हणजे कागद स्वच्छ राहतील, आणि पत्रात निरोपाचं काही लिहू नका, देवाजींना संकोच होतो."

असा निरोप देवाजीने पाठवला नव्हता हे तिथल्या चार माणसांना ठाऊक होतं. कृष्णकांत चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. वच्छला बापाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचंही तिला सुचत नव्हतं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. देवाजीने माझ्या दंडावर हात ठेवला.

"हो," तो म्हणाला. "लेकीच्या सौद्यात दलाली कशी घेईन, दत्तोपंत?"

एवढ्यावर सुटला असता तरी चाललं असतं. पण त्या दिवशी त्यांचा ओळख देणारा एक साक्षीदार आला नव्हता. कचेरीतले कारकून देवाजीला वर्षानुवर्षं ओळखायचे. हाक आलीच, "अहो हेडाऊ, आहातच तर ओळख द्या, म्हणजे यांचं काम आज होऊन जाईल." देवाजी गेला. साहेबांनी न बघताच विचारलं, विकणाऱ्याला ओळखता? ओळखतो. घेणारे कोण? देवाजीने दोघांकडे पाहिलं.

"जवाई आहेत माहे," तो म्हणाला. "आन् ही माही पोरगी."

मग त्याने खाली सही केली. वच्छलेनेच त्याला गिरवायला शिकवलेली सही, एकेक अक्षर सुटं. ती शेजारीच उभी होती. जागा कुठे ते या वेळी तिला दाखवता आलं नाही, कारकुनाने दाखवली.

संध्याकाळी तो माझ्या ऑफिसात येऊन बसला. मी रागाने खोलीत येरझारा घालत होतो. वकिलाला दुःख झालं की तो कलमं वाचायला लागतो, तसं मी करार पुढे ओढला.

"यादीवर दलाली मिळणार नाही. नाव नाही, विषय संपला. पण मला सांग, दत्तोपंतांनी सूचना दिली ती जावयाच्या सांगण्यावरून. म्हणजे किंमत आधीच ठरली होती, करार चालू असतानाच! पहिलं कलम बघ. सहा महिन्यांत सौदा कोणाशीही ठरवला तरी दलाली तुझी. तिथे यादी लागतच नाही. बयाण्याचा कागद मागाहून केला म्हणून काय झालं? तो मुद्दाम मागे ठेवला, मी भांडेन त्यावर. तू आज कचेरीत हो म्हणालास ती अडचण आहे, पण तो निरोप तू पाठवलेलाच नव्हता. सौदा कधी ठरला एवढं सिद्ध करायचं."

"कसं करतात सिद्ध?"

"साक्षीने. दत्तोपंत सांगतील. आणि ते अडखळले तर वच्छला. तिला सगळं माहीत आहे."

"तिले कोर्टात उभं कराव लागन?"

"हो."

"शपथ घ्याले लावतीन? बापाले कधीपासून फसवून राहिली होती ते विचारतीन?"

मी करार मिटून ठेवला.

"राहू द्या मंग," देवाजी म्हणाला. बराच वेळ तो टोपीची कड बोटांत फिरवत बसला. मला वाटलं उठेल आता. उठला नाही. मग एकदम त्याचा आवाज फुटला. "भैय्याजी, पैसा नाई. पैसा तिचाच व्हता. तिनं मांगितलं असतं तं म्या कागदच फाडून दिला असता. तिले माहीत नाई का मी कसा आहो? दांडीवर बसवून फिरवलं तिले. कोण्या मालकानं मले कसं फसवलं, हे रोज रात्री तिलेच सांगे मी. तिच्या देखत. तिनं तेच शिकलं का गा?"

मोठा माणूस रडायला लागला की दुसऱ्याने काय करायचं असतं ते मला आजही माहीत नाही. मी उठून दार लावून घेतलं.

त्यानंतर रविवारी देवाजी लेकीकडे जाईनासा झाला. रागावला असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून दर महिन्याला पेरू, शेव पाठवायचा, पण कोणाच्या तरी हातून. वच्छला दोनतीनदा त्याच्या दारात येऊन गेली. तो तिला बसवायचा, चहा करून द्यायचा, तब्येत विचारायचा. ती रडायला लागली की म्हणायचा, "झालं ते झालं, पोरी. घर चांगलं आहे." तेवढंच. त्याने लिहायचं काम मात्र तिला पुन्हा दिलं नाही. कागद असला की माझ्याकडे यायचा. शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं, असं मला फार वाटायचं.

दोन वर्षांनी वच्छलेला मुलगी झाली. दिवस गेल्यापासून ती अंथरुणावरच होती, पाणी कृष्णकांतने भरलं. बँकेत जायच्या आधी, पहाटे, रहाटाला हात सोलवटून. मी म्हटलं ना, वाईट नव्हता.

बारशाचं बोलावणं देवाजीला करायला ती स्वतः आली, बाळ कुशीत घेऊन. "बाबा, आता तं जेवाले या. आता रीत आडवी येत नाई." तो येतो म्हणाला.

आलाही. मी तिथेच होतो. पांढरं धोतर, नवी टोपी, नातीसाठी चांदीचे वाळे. फाटकाशी येऊन उभा राहिला. वच्छला धावत गेली. "या ना बाबा, आत या. घर पाहा."

"घर पाह्यलं आहे मी," देवाजी म्हणाला. "मीच दाखवलं व्हतं तुले."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याने नातीला घेतलं, तिच्या पायांत वाळे घातले, खूप वेळ तिच्याशी बोबडं बोलला. मग बाळ तिच्याकडे देऊन घराला वळसा घालून परसात गेला. थोड्या वेळाने रहाटाचा आवाज आला.

आम्ही बघायला गेलो. देवाजीने टोपी कवठाच्या फांदीला अडकवली होती आणि तो पाणी ओढत होता. हंडा भरला, घागर भरली, न्हाणीतलं घंगाळ भरलं, बारशासाठी मागून आणलेली शेजाऱ्यांची पिंपं भरली. साठीचा माणूस, घामाने निथळत होता. कृष्णकांत पुढे होऊन दोर धरायला गेला तर म्हणाला, "राहू द्या जावईबापू, झालंच." घरात भरायचं एकही भांडं उरलं नाही तेव्हा थांबला.

"बाबा, पान वाढलंय," वच्छला म्हणाली. "पुरणाच्या पोळ्या आहेत."

"घाईत आहो वं. कळमेश्वरचं गिऱ्हाईक येणार आहे."

"पाणी तरी प्या मंग!"

शेवटच्या बादलीत थोडं उरलं होतं. तो विहिरीच्या काठावर वाकला, ओंजळ धरून तिथलंच पाणी प्यायला, टोपी घातली आणि फाटकातून निघून गेला.

वच्छला पान वाढलेल्या पाटासमोर जाऊन उभी राहिली. "भैय्याजी काका, त्याईनं माफ नाई केलं ना मले? दलालीच्या आठशे रुपयांसाठी?" त्या शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी तिला सांगून टाकलं. मोटार कितीची होती, पाइप कुठून येणार होता, टाकी कवठाच्या कोणत्या बाजूला, नळ कोणत्या दिवशी सोडून दाखवायचा. सगळं. ती ऐकत ऐकत खाली बसली, आणि नातेवाइकांनी भरलेल्या त्या घरात तिने जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. सांगितलं ते बरोबर केलं, असं मी अजूनही म्हणतो. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

देवाजी सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात गेला, भर दुपारी, एक घर दाखवून परत येताना. लेकीच्या घरचं जेवण राहिलंच.

वच्छला अजून त्याच घरात राहते. कृष्णकांतला बँकेत बढती मिळाली. मोटार बसवायला त्याने दोनदा माणूस बोलावला. दोन्ही वेळा वच्छलेने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. पाणी ती स्वतः ओढते, आणि मुलीला दोराला हात लावू देत नाही.